वांग्याचे काप तेल पितात, बाहेर काढले की लिबलिबीत होतात: कुठं चुकतंय ते कसं शोधायचं

मी सोलापुरात डबे देते आणि वांग्याचे काप आमच्याकडे जवळजवळ बारा महिने असतात. चातुर्मास पाळणाऱ्यांच्या डब्यात तेवढे नसतात, ते कांदेनवमीला शेवटचे पोटभर खातात आणि मग थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याबरोबर परत सुरू. त्यामुळं कांदेनवमीच्या सकाळी ओळखीपाळखीतून फोन ठरलेला, "अगं समदं तेल पिऊलालेत की हे, काय करू?" तेच तेच परत सांगते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

हे कापांपुरतंच आहे, म्हणजे गोल चकत्या, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजलेल्या. पीठ कालवून बुडवायची भजी वेगळी, त्याला हे लागू नाही.

आधी लक्षण नीट बघा

"तेलकट झाले" असं सगळेच म्हणतात पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. एक काप मधोमध तोडा आणि आत बघा.

आतला गर करडा, चकचकीत, जरा पारदर्शक दिसतोय आणि चमच्यानं दाबला की तेल सुटतंय, तर तेल आत गेलंय. बहुतेकांची तक्रार हीच असते, जोडीला "दोन पळ्या तेल घातलं आणि मिनिटात तवा कोरडा" हेपण असतं.

गर पांढरा, कापसासारखा, चावताना कचकच करतोय आणि वरचा रवा मात्र काळपट, तर ते कच्चं राहिलंय. आच फार मोठी होती नाहीतर काप जाड होते.

तव्यावर असताना छान खरपूस, पण पाच-दहा मिनिटांनी मऊ पडले आणि खालची बाजू ओली, तर चूक तव्यावर झालेली नाहीच, काढल्यानंतर झाली.

आणि रवा सुटून तेलात, काप उघडे, तर तो ओलाव्याचा मामला.

वांगं तेल का पितं एवढं समजलं की पुढचं सोपं जातं. वांग्याच्या गरात हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात, कच्चं वांगं हातात हलकं लागतं ते त्यामुळंच. काप गरम झाला की ती हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी तेल शिरतं, स्पंज पाण्यात टाकल्यासारखं. त्याला अडवणारी गोष्ट एकच, आतल्या पाण्याची वाफ. तेल चांगलं तापलेलं असेल तर काप ठेवल्या ठेवल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर जोर करते, कापाच्या कडेनं बारीक बुडबुडे दिसतात ना, तीच ती वाफ. बुडबुडे जोरात आहेत तोवर तेल आत शिरायला बघतंय पण त्याला वाट नाही. बुडबुडे थंडावले की वाट मोकळी. पुढच्या सगळ्या तपासण्या या बुडबुड्यांसाठीच आहेत असं समजा.

पहिली तपासणी: तेल खरंच तापलं होतं का (फुकट)

इथंच निम्म्याहून जास्त लोकांचं काम होतं म्हणून हे पहिलं. तवा ठेवला, तेल घातलं, लगेच काप लावले असं करू नका. तवा मध्यम आचेवर दोनेक मिनिटं कोरडाच तापवा (नॉनस्टिक असेल तर कोरडा तापवायचा नाही, तेल घालूनच तापवा), मग तेल घाला, तवा तिरका करून ते सगळीकडं फिरवा आणि घोळवायच्या रव्याची एक चिमूट टाका. दाणे जागेवर गप्प बसले तर थांबा. लगेच भोवती बुडबुडे येऊन चुरचुर आवाज आला तर ठेवा. टाकल्या टाकल्या काळे पडले किंवा तेलातून धूर दिसला तर जास्त झालं, गॅस बारीक करून अर्धा मिनिट सोडा. थर्मामीटर असणाऱ्यांसाठी सांगते, साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस. पण तव्यावरच्या एवढ्याशा तेलात थर्मामीटर नीट बुडतसुद्धा नाही, रव्याची चिमूटच बरी.

आपल्याकडं घाण्याचं शेंगदाणा नाहीतर करडईचं तेल वापरणारे बरेच आहेत. हे तेल रिफाइंडपेक्षा लवकर धूर धरतं. मग धूर दिसला की माणूस घाबरून गॅस एकदम मिणमिणता करतो आणि काप कोमट तेलात पोहत बसतात. घाण्याचं तेल जेवणात कितीही चांगलं असलं तरी कापांना मी रिफाइंडच घेते, वाद घालायचा असेल तर घाला.

मग गर्दी. दहा इंची तव्यावर मध्यम आकाराचे पाच, फार तर सहा काप. आठ-नऊ कोंबले की सगळे मिळून तवा गार करतात, बुडबुडे बसतात, आणि प्रत्येकाची वाफ शेजारच्याला लागून काप भाजायच्या ऐवजी उकडतात. दोन कापांत बोटभर जागा ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधेच तवा कोरडा दिसला म्हणून वरून गार तेल ओतू नका. वांगं सुरुवातीला तेल ओढतं, पण पूर्ण शिजलं की आतल्या पोकळ्या मिटतात आणि ओढलेल्यातलं थोडं तेल परत सोडतं, तव्यावर दिसतं ते. कोरडा दिसणारा तवा दोन-तीन मिनिटांत परत ओला होतो. तेवढा धीर न धरता दुसरी पळी ओतली की ते गार तेल थेट आत. अगदीच चिकटायला लागलं तर चमचाभर तेल कापावर नाही, तव्याच्या कडेनं सोडा, म्हणजे खाली पोचेपर्यंत तापतं.

वेळ म्हणाल तर पहिल्या बाजूला चार मिनिटं न हलवता, उलटून तीन-चार मिनिटं. सुरुवात मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर, रवा धरला की मध्यम. सारखं उलटसुलट करू नका, रवा सुटतो. झाकण तर अजिबात नको, वाफ परत कापावर पडते.

दुसरी तपासणी: काढून ठेवले कुठं (हेही फुकट)

काप तेलातून काढला की आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर लागलेलं तेल ती आत ओढून घेते. म्हणजे तव्यावर सगळं बरोबर करूनसुद्धा ताटात काप तेल पितो. म्हणून काढायच्या आधी शेवटचं अर्धा मिनिट आच वाढवा, उलथन्यावर घेतलेला काप तव्याच्या काठावर तिरका धरून तेल निथळू द्या आणि मग जाळीवर उभे टेकवून ठेवा. पापड भाजायची जाळीसुद्धा चालते, खाली ताट. पेपरवर आडवे ठेवले तर तेल टिपलं जातं पण खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते, आणि एकावर एक रचले तर मग विचारूच नका. डब्यात भरायचे असतील तर पूर्ण निवल्यावरच झाकण. आमच्याकडं उन्हाळ्यात काप निवायलाच वेळ लागतो, तेव्हा मी डब्यात काप देतच नाही, दुपारपर्यंत लिबलिबीत होणार हे माहीत असताना द्यायचे कशाला.

तिसरी तपासणी: मीठ लावलं होतं का, आणि नीट लावलं होतं का

इथं एक छोटी परीक्षा करा, उगाच अंदाज नको. एकाच वांग्याचे दोन काप घ्या, एकाला मीठ लावून अर्धा तास ठेवा, एक तसाच. दोन्ही एकाच तापलेल्या तव्यावर एकदम भाजा आणि तोडून बघा. दोन्ही तेलकट निघाले तर दोष आचेचा, परत वर जा. बिनमिठाचाच तेलकट निघाला तर मीठ हेच उत्तर.

मीठ कडूपणा काढायला लावतात असं आपण ऐकत आलोय. थोडं खरं आहे, पण आजची वांगी तशी फार कडू नसतात, आपल्याला मीठ तेलासाठी लागतं. मीठ गरातलं पाणी बाहेर ओढतं, गर ढिला पडतो आणि त्या हवेच्या पोकळ्या दबून जातात. तेलाला शिरायला जागाच उरत नाही. म्हणजे मीठ लावून पाच मिनिटांत घोळवले तर मीठ लावण्याचा काही उपयोग नाही, पाणी नुसतं वर आलेलं असतं आणि पोकळ्या तशाच.

प्रमाण सांगते. साधारण ४०० ग्रॅमचं एक भरताचं वांगं, त्याला चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ. काप दोन्ही बाजूंनी चोळा, चाळणीत एकावर एक रचा, वर एक ताटली आणि ताटलीवर पाण्याचा तांब्या. अर्धा तास, पाऊण तास झाला तर उत्तम. खाली दोन-तीन मोठे चमचे तपकिरी पाणी साचलं पाहिजे. मीठ पोचलं की नाही ते हातानं कळतं, कच्चा काप वाकवला की मोडतो, तयार काप वाकतो आणि मोडत नाही. मग प्रत्येक काप दोन तळहातांत धरून हलकेच दाबा आणि सुती फडक्यानं दोन्ही बाजू पुसा. पुसताना आलेलं जास्तीचं मीठपण निघतं. धुवायचं नाही. मीठ जास्त झालंय अशी शंका असेल तर एका टोकाला जीभ लावून बघा, खारट लागला तरच पटकन पाण्यातून काढा आणि दुप्पट जोर लावून कोरडा करा. घोळवायच्या मिश्रणात मीठ शून्य. हे विसरल्यामुळं खारट झालेल्या कापांचे फोनपण येतात.

आता ते पाण्यात टाकायचं. काळे पडू नयेत म्हणून चिरलेले काप पातेलंभर पाण्यात टाकायची सवय सगळ्यांना असते. भाजीला ठीक आहे. कापांना आपण पाणी बाहेर काढायच्या मागे लागलोय आणि तुम्ही त्याला आंघोळ घालताय. चिरल्या चिरल्या मीठ लावलं की काळे पडायची भीती तशीही फारशी नाही, आणि थोडे पडले तरी रव्याखाली कोण बघतंय.

चौथी तपासणी: मसाला आणि रवा

मी चार मोठे चमचे बारीक रवा, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, दीड चहाचा चमचा काळं तिखट, अर्धा चमचा हळद आणि चिमूट हिंग घेते. वरच्या एका वांग्याला हे पुरून थोडं उरतं. तांदळाच्या पिठानं थर एकसंध बसतो, रव्यानं कुरकुरीतपणा येतो. जाड रवा घेतला तर दाण्यांच्या मधून काप उघडा राहतो आणि तिथूनच तेल शिरतं. नुसतं बेसन लावलं तर लवकर करपतं आणि निवल्यावर मऊ पडतं. ज्वारीचं पीठ तांदळाच्या जागी चालतं, चव छान येते, फक्त चाळून घ्या.

आपल्याकडची शेंगा चटणी घोळवायच्या पिठात घालायचा मोह होतो. नका घालू. शेंगदाणा आधी करपतो आणि स्वतःचं तेल सोडतो ते वेगळंच. काप जाळीवर आले की वरून भुरभुरा. साखर-गुळाचंही तसंच, काळे डाग लवकर पडतात, मग तुम्ही गॅस कमी करता, आणि पुढं काय होतं ते वर सांगितलंच.

मसाला थेट कापावर चोळायचा की पिठात मिसळायचा यावर घराघरात भांडणं आहेत. माझं मत, तिखट-हळदीचा अर्धा भाग कोरड्या कापावर चोळा, उरलेला पिठात. वरच्या थरात तिखट कमी असलं की करपणं कमी.

मुख्य म्हणजे घोळवला की लगेच तव्यावर. सगळे काप आधी घोळवून ताटात मांडून ठेवले की मिठामुळं पाणी सुटतच राहतं आणि रव्याचा लगदा होतो. तो लगदा तव्याला चिकटतो, सुटतो, उघडा काप तेल ओढतो.

यावरून माझ्या जाऊबाईंची केस सांगते, कारण अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. पहिला घाणा एकदम मस्त, दुसरा तेलकट, तिसरा तर टाकून द्यावा असा. मीठ बरोबर, पाऊण तास ठेवलेलं, तेल तापवलेलं. वांगं एकच, काप चौदा. मग मी उभी राहून बघितलं. पहिले पाच काप निघाले तेव्हा तव्यात सुटलेल्या रव्याचे काळे दाणे पडलेले होते आणि त्यातून धूर यायला लागला. धुरामुळं त्यांनी गॅस बारीक केला, तेल कमी झालं म्हणून वरून दोन चमचे गार ओतलं आणि लगेच पुढचे पाच काप लावले, आणि हे पाच मघापासून घोळवून ताटात पडलेले, खालून ओलेगच्च. एकही चूक मोठी नाही, पण तिन्ही एकाच वेळी. टाकलेल्या कापाला बुडबुडाच नाही, नुसता फिसफिस आवाज. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वांग्याला फक्त तीन गोष्टी बदलल्या: घाणा निघाला की गॅस बंद करून चिमट्यात धरलेल्या फडक्यानं तवा पुसायचा, नवीन दीड मोठा चमचा तेल घालून रव्याची चिमूट चुरचुरेपर्यंत थांबायचं, आणि ते तापत असताना पुढचे पाच घोळवायचे, आधी नाही. तिसरा घाणा पहिल्यासारखाच निघाला. तेलपण मोजलं, तीन घाण्यांना मिळून पाच मोठ्या चमच्यांच्या आत भागलं, आदल्या दिवशी त्यांनी वाटीभर संपवलं होतं.

पाचवी तपासणी: वांगं आणि जाडी

आता पैसे लागतात. वांगं हातात घेऊन अंगठ्यानं दाबा, दाब लगेच भरून आला तर ताजं. खड्डा तसाच राहिला तर आत गर भुसभुशीत झालाय, पोकळ्या जास्त, कितीही मीठ लावा ते पिणारच. देठ हिरवा आणि टवटवीत हवा. चिरल्यावर बिया तपकिरी आणि टणक दिसल्या तर जून आहे, त्याचं भरीत करा, कापांचा हट्ट सोडा. आत काळं, चिकट, वास मारणारं निघालं तर सरळ टाका.

जाडी पाऊण ते एक सेंटिमीटर, आणि सगळे सारखे. पातळ केले तर मीठ लावल्यावर चिंधी होते, दीड सेंटिमीटरचे केले तर रवा करपेपर्यंत मधला भाग कच्चाच.

सहावी तपासणी: तवा

कोरड्या गार तव्यात दोन चमचे तेल घाला आणि ओट्यावर ठेवून बघा. तेल सगळं कडेला पळालं आणि मध्यभाग कोरडा, तर तव्याला मध्ये फुगवटा आलाय. पातळ ॲल्युमिनियमच्या आणि स्वस्त नॉनस्टिक तव्यांना हे होतंच, तापलेला तवा नळाखाली धरायची सवय असेल तर लवकर होतं. मधले काप करपतात आणि कडेचे तेलात बुडून राहतात. अशा तव्याला इलाज नाही, भाकरीचा लोखंडी तवा सपाट असेल तर तो घ्या, नाहीतर जाड बुडाचा नवीन. नॉनस्टिकचं कोटिंग उचकटलेलं असेल तर तसाही तो बाजूला ठेवा.

सातवी, आणि इथं हात लावायचा नाही

वरचं सगळं करूनही रव्याची चिमूट चुरचुरतच नाही, पाच-सहा मिनिटं झाली तरी तेल कोमट, तर शेगडीकडं बघा. दुसऱ्या बर्नरवर तोच तवा ठेवून बघा. तिथं पटकन तापला तर पहिला बर्नर चोंदलाय. शेगडी बंद आणि गार असताना बर्नरची टोपी काढून साबणाच्या पाण्यात घासा, भोकं दातकोरणीनं मोकळी करा, पूर्ण वाळवून परत बसवा. घरी करायचं एवढंच.

त्यानंतरही ज्योत पिवळी, फडफडणारी, पातेल्याचं बूड काळं करणारी असेल, किंवा दोन्ही बर्नर मंद असतील, तर थांबा आणि गॅस मेकॅनिकला किंवा तुमच्या एजन्सीला बोलवा. आतला जेट सुईनं टोकरायचा नाही, भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो. रेग्युलेटर उघडायचा नाही, नळी स्वतः तोडून जोडायची नाही. गॅसचा वास येत असेल तर काप विसरा, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, लाईटचं बटण चालू-बंद काहीच करू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन लावा, तो गॅस गळतीसाठीचाच नंबर आहे. इंडक्शनवर तवा मधेच बंद पडत असेल तर आधी सपाट बुडाचा दुसरा तवा लावून बघा, तरी तेच झालं तर सर्व्हिस सेंटर.

आणि तव्यातल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून वर मोठं झाकण टाका. पाणी ओतायचं नाही, तवा उचलून पळायचं नाही.

मेकॅनिक येईपर्यंत मीठ लावलेले काप वाया जात नाहीत. दाबून पाणी काढा, चौकोनी चिरा आणि गॅसचा वास नसेल, ज्योत पिवळी नसून नुसतीच मंद असेल, तर तिच्यावरच शेंगदाण्याचं कूट-काळं तिखट घालून रस्सा करा, फक्त रश्शात मीठ घालायच्या आधी चाखून बघा.